थायरॉइड जास्त की कमी, ते रोजच्या नाडीत कसे दिसते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचक थायरॉइडविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील नाडीशी संबंधित प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्वाधिक प्रश्न चैत्र-वैशाखात येतात, कारण तेव्हा धडधड, घाम आणि थकवा घरोघरी असतो आणि त्यातील काय उन्हाचे व काय ग्रंथीचे हे कळेनासे होते. म्हणून त्या प्रश्नाला (प्रश्न ५) आणि त्यापुढील उदाहरणाला येथे अधिक जागा दिली आहे. नाडीच्या नोंदी डॉक्टरांना दाखवण्यासाठी आहेत. त्यांच्यावरून गोळीचा डोस घरच्या घरी बदलू नये.

१. थायरॉइडची ग्रंथी गळ्यात असते, मग तिचा परिणाम नाडीवर कसा होतो?

ही ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके रक्तात सोडते. टी-४ हा बहुतांशी साठा असतो आणि शरीरात त्याचेच टी-३ बनते, जे प्रत्यक्ष काम करते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्यांची गती ठरवणारा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. टी-३ वाढले की हा पुंजका अधिक वेगाने ठोके देऊ लागतो आणि ॲड्रिनलिनला हृदय देत असलेला प्रतिसादही तीव्र होतो. टी-३ कमी झाले की हेच उलट घडते. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की हा वेग मनःस्थितीवर किंवा श्रमावर अवलंबून नसतो, त्यामुळे माणूस गाढ झोपलेला असला तरी तो पूर्णपणे उतरत नाही.

२. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला आला आहे. म्हणजे माझा थायरॉइड वाढला आणि आता नाडी जोरात चालणार का?

नाही, बहुतेक वेळा याचा अर्थ नेमका उलटा असतो. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. थायरॉइड कमी काम करू लागली की हा हुकूम वाढतो आणि ती जास्त काम करू लागली की तो जवळपास बंद होतो. बहुतेक प्रयोगशाळांत टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ अशी छापलेली असते. १२ किंवा २० असा आकडा आला, तर ग्रंथी मंद आहे असे समजावे, आणि ०.०१ असा आला, तर ती बहुधा अतिरेकाने काम करत आहे. "थायरॉइड वाढला" एवढेच ऐकून परत आलेल्या रुग्णाने जास्त टीएसएच की जास्त टी-४, हे अवश्य विचारून घ्यावे.

३. नाडी घरी कशी मोजावी, आणि दिवसातून केव्हा?

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि चहापूर्वी मोजावी. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर तर्जनी व मधले बोट हलकेच टेकवावे. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी त्यात मिसळते. ठोके तालात असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करावेत. ताल चुकत असेल तर पूर्ण मिनिट मोजावे. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि "ताल नीट" किंवा "ताल चुकतो" एवढे चार तपशील पुरेत. रात्री नीट झोप झाली नसेल किंवा ताप असेल, तर तेही शेजारी लिहावे.

दुपारची दुसरी नोंद घ्यायची असल्यास किमान पाच मिनिटे शांत बसून घ्यावी. शेतातून किंवा बाजारातून आल्या आल्या मोजलेल्या नाडीवरून थायरॉइडविषयी काहीही कळत नाही.

४. किती ठोके म्हणजे जास्त आणि किती म्हणजे कमी?

प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ६० ते १०० असली की ती सर्वसाधारण मानतात, पण ही मर्यादा फार रुंद आहे. ज्यांची सकाळची नाडी वर्षानुवर्षे ६६च्या आसपास होती, त्यांची ती आठवड्यामागून आठवडे ८८ ते ९२ राहू लागली, तर ती १००च्या आत असूनही दखल घेण्याजोगी आहे. तशीच ८०ची सवय असलेल्या व्यक्तीची ती सतत ५८ येऊ लागली, तरीही कारण शोधावे. एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व देऊ नये. दोन आठवड्यांच्या सकाळच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या की खरी चाल दिसते.

५. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो. धडधड आणि घाम उन्हामुळे आहे की थायरॉइडमुळे, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न खानदेशात जितका अवघड होतो तितका थंड प्रदेशात होत नाही. उन्हात अंगातील पाणी व मीठ घामावाटे जाते, त्वचेकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि तेवढे रक्त फिरते ठेवण्यासाठी हृदय जलद चालते. थायरॉइड जास्त असलेल्या माणसालाही उकाडा सहन होत नाही, घाम येतो, हात थरथरतात आणि छाती धडधडते. दुपारी दोन वाजता दोघांची नाडी ११० असू शकते, आणि त्या क्षणी दोघांत भेद करता येत नाही.

भेद दिसतो तो पहाटे. उन्हाने वाढलेली नाडी पाणी, ताक किंवा लिंबाचे सरबत, सावली आणि रात्रीची विश्रांती मिळाली की उतरते. गच्चीवर गारव्यात झोपलेल्या निरोगी माणसाची पहाटेची नाडी त्याच्या नेहमीच्या आकड्याजवळ आलेली असते. थायरॉइडची नाडी थोडी उतरते, पण मूळ जागी येत नाही. पहाटे गार वाऱ्यात, अंग कोरडे असताना आणि मन शांत असतानाही ती ९०च्या आसपास राहत असेल, तर दोष उन्हावर ढकलू नये.

याहून चांगली खूण म्हणजे झोपेतील नाडी. घरातील कोणी रात्री उशिरा, रुग्णाची झोप न मोडता, मनगटावर हलकेच बोटे ठेवून पूर्ण मिनिट मोजू शकते. चिंतेमुळे वाढलेली नाडी झोपेत खाली येते, ग्रंथीमुळे वाढलेली मात्र पुष्कळशी वरच राहते. म्हणून "जिवाला घोर लागला आहे, बाकी काही नाही" असे म्हणून सोडून दिलेल्या बाईंच्या बाबतीत ही एक नोंद फार मोलाची ठरते.

सोबतच्या खुणाही पाहाव्यात. उन्हाने भूक मरते. थायरॉइड जास्त असताना भूक बहुधा चांगली असते, भाकरी नेहमीइतकी किंवा अधिक जाते, आणि तरीही वजन घटते. शौचाला वारंवार जावे लागते, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, आणि हात पुढे पसरून बोटांवर कागद ठेवला तर कागद बारीक थरथरतो. यांपैकी काही खुणा आणि पहाटेची वाढलेली नाडी एकत्र दिसली, तर पाऊस पडेपर्यंत वाट न पाहता टीएसएच व फ्री टी-४ तपासून घ्यावेत. पावसाळा लागल्यावरही नाडी तशीच राहिली, तेव्हा तपासणी झाली आणि मधले दोन महिने वाया गेले, असे येथे वारंवार घडते. ते टाळता येण्यासारखे आहे.

६. एखाद्या रुग्णाच्या वहीत हे सगळे प्रत्यक्षात कसे दिसते?

अशा नोंदी सहसा जशा चालतात, त्यावरून रचलेले एक उदाहरण पाहू. रावेर तालुक्यात केळीची बाग असलेल्या कुटुंबातील सेहेचाळीस वर्षांच्या काकू आहेत. एप्रिलमध्ये दोन महिन्यांत पाच किलो वजन घटलेले, झोप तुटक, चिडचिड वाढलेली. घरचे म्हणतात, ऊन बाधले. लेकीने आठवडाभर सकाळची नाडी लिहिली: ९४, ९८, ९२, ९६, ९६, ९४, ९८. दुपारी ११६ ते १२०. रात्री झोपेत मोजली तेव्हा ९०. त्याच घरातील, त्याच बागेत राबणाऱ्या जाऊबाईंची सकाळची नाडी ७० ते ७४ आणि दुपारची १०४. दुपारचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. सकाळचे मात्र वीस ते पंचवीस ठोक्यांनी वेगळे आहेत.

तपासणीत टीएसएच ०.०१ पेक्षा कमी आणि फ्री टी-४ वाढलेला आला. डॉक्टरांनी कार्बिमाझोल आणि प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. चारच दिवसांत सकाळची नाडी ७६वर आली. घरच्यांना आजार उतरल्यासारखे वाटते, पण ही घट जवळजवळ सर्वस्वी प्रोप्रॅनोलॉलची असते. ही गोळी हृदयावरचा संप्रेरकाचा व ॲड्रिनलिनचा मारा अडवते. ग्रंथीचे उत्पादन ती थांबवत नाही. ते काम कार्बिमाझोल करते, आणि ग्रंथीत आधीच साठलेले संप्रेरक संपायचे असल्याने त्याला काही आठवडे लागतात. या काळात ७६ हा आकडा पाहून कार्बिमाझोल बंद केल्यास आजार पुन्हा उसळतो. दम्याच्या रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून दम्याचा इतिहास डॉक्टरांना आधीच सांगावा.

सहाव्या आठवड्यात फ्री टी-४ मर्यादेत आला, टीएसएच मात्र अजून ०.०१च होता. यात घाबरण्यासारखे काही नाही. दीर्घकाळ दबलेली पीयूषिका ग्रंथी जागी व्हायला कधी कधी काही महिने लागतात, आणि तोवर फ्री टी-४ व नाडी यांच्यावर अधिक विसंबावे लागते. प्रोप्रॅनोलॉल हळूहळू कमी करून थांबवल्यावर सकाळची नाडी ७८ राहिली, म्हणजे आता उतरलेली नाडी खरी होती.

पुढचा भाग बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि काकूंच्या लेकीने लिहिला. पाचव्या महिन्यात आकडे ७०, ६६, ६२, ५८ असे उतरत गेले. काकूंना दिवाळीच्या आधीच थंडी वाजू लागली, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, शौच घट्ट झाले आणि वजन झरझर वाढले. टीएसएच १४ आला. औषधाने ग्रंथी गरजेपेक्षा जास्त दाबली गेली होती. डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर काही आठवड्यांत नाडी पुन्हा सत्तरीत स्थिरावली. जास्त आणि कमी, दोन्ही अवस्था अशा एकाच वहीत दिसू शकतात.

७. माझी थायरॉइड कमी आहे असे निदान झाले, पण नाडी तर ७८ आहे. निदान चुकले का?

निदान चुकले असेलच असे नाही. थायरॉइड जास्त असताना नाडी बऱ्यापैकी बोलकी असते; कमी असताना ती तितकी भरवशाची नसते. सौम्य आजारात ठोके दोन-पाचने उतरतात किंवा उतरतच नाहीत. त्यातच आपल्याकडे अनेक स्त्रियांना रक्तक्षय असतो आणि रक्तक्षय नाडी वाढवतो, त्यामुळे एक कारण खाली ओढते, दुसरे वर ढकलते आणि आकडा मध्येच कुठेतरी थांबतो. म्हणून हिमोग्लोबिनही तपासावे. थायरॉइड बरीच कमी झाली असेल, तर नाडी ६०च्या खाली उतरते आणि बोटांना क्षीण लागते. रक्तदाब मोजला तर कित्येकदा खालचा आकडा वाढलेला आढळतो. थोडक्यात, मंद नाडीने संशय वाढतो, पण नाडी नेहमीसारखी असली म्हणून संशय फिटत नाही. तो टीएसएचनेच फिटतो.

८. लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू केली आहे. डोस जास्त होतो आहे हे नाडीवरून कळेल का?

पुष्कळदा कळते, मात्र सावकाश. टी-४चे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून डोस बदलल्यावर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे जातात आणि टीएसएचची तपासणीही तेवढ्या अंतराने करतात. या काळात सकाळची नाडी आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा ठोक्यांनी वर चढून तेथेच राहिली, झोप उडाली आणि हात थरथरू लागले, तर डॉक्टरांना कळवावे. वयस्कर माणसे आणि हृदयविकार असलेले रुग्ण यांना म्हणूनच १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. अशा रुग्णाच्या छातीत दुखू लागले, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नये.

उलटही घडते: डोस तोच असताना नाडी मंदावते आणि टीएसएच चढतो. तेव्हा आधी गोळी घेण्याची रीत पाहावी. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने घ्यावा; लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. दुसरी गोष्ट येथील उन्हाळ्याची. हे औषध उष्णतेने व ओलाव्याने खराब होते. पत्र्याच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर मे महिनाभर पडून राहिलेल्या बाटलीतील गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. बाटली घट्ट बंद करून आतल्या खोलीतील गार, कोरड्या जागी ठेवावी.

९. आमच्या आप्पांची नाडी कधी जलद, कधी हळू अशी लागते. हेही थायरॉइडचे असू शकते का?

असू शकते, आणि साठीच्या पुढे ही शक्यता मुद्दाम तपासावी. थायरॉइड जास्त असताना हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात ठोक्यांमधील अंतराला काहीच हिशेब राहत नाही आणि प्रत्येक ठोक्याचा जोरही वेगळा लागतो. काही ठोके इतके दुबळे असतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे मनगटावर ८८ मोजले जातात, तेव्हा स्टेथोस्कोपने छातीवर ११२ ऐकू येऊ शकतात. घरच्या आकड्यावर येथे विसंबू नये. त्याच दिवशी ईसीजी काढावा, कारण या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

तरुण मुलांत श्वास घेताना नाडी थोडी जलद आणि सोडताना हळू होते. ती श्वासाच्या तालात बदलते आणि निर्दोष असते.

१०. नाडी ५२ आहे, पण मला काहीच त्रास नाही. थायरॉइड तपासावी का?

आयुष्यभर शेतात राबलेल्या किंवा रोज धावणाऱ्या माणसाची नाडी पन्नाशीत असणे नैसर्गिक असू शकते. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तरी नाडी उतरते. पूर्वी ७०-७५ असलेली नाडी कोणत्याही नव्या औषधाविना उतरली असेल, किंवा सोबत थकवा, मलावरोध, कोरडी त्वचा असेल, तर टीएसएच आणि ईसीजी दोन्ही करावेत. वर सांगितलेली औषधे घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: त्यांची थायरॉइड वाढली तरी नाडी तिचा पत्ता लागू देत नाही.

११. ऑक्सिमीटरवरचा किंवा बीपीच्या मशीनवरचा ठोक्यांचा आकडा चालेल का?

ताल नीट असेल तर चालतो. बोटे गार असतील, जसे थायरॉइड कमी असलेल्यांत थंडीच्या दिवसांत होते, किंवा नखांवर गडद रंग असेल, तर ऑक्सिमीटर चुकू शकतो. बोटे चोळून ऊबदार करावीत. ताल चुकत असल्यास प्रश्न ९ पाहावा.

१२. कोणत्या परिस्थितीत आकडे लिहीत न बसता थेट रुग्णालयात जावे?

थायरॉइड जास्त असलेल्या रुग्णाची विश्रांतीतील नाडी १३०च्या पुढे गेली आणि सोबत तीव्र ताप, उलट्या-जुलाब, बरळणे किंवा धाप असेल, तर ती जिवावर बेतणारी अवस्था आहे. औषध अचानक सोडणे, मोठा संसर्ग किंवा शस्त्रक्रिया यांनंतर ती उद्भवते. मे महिन्यात हिला उष्माघात समजण्याची चूक होऊ शकते, म्हणून थायरॉइडचा आजार आहे हे रुग्णालयात शिरताच सांगावे. याउलट, थायरॉइड कमी असलेल्या वृद्ध व्यक्तीची नाडी पन्नासच्या खाली उतरून अंग गार पडले आणि ती हाक मारूनही नीट जागी होत नसेल, तरीही क्षणभर थांबू नये.

कार्बिमाझोल घेणाऱ्यांना ताप आणि घसादुखी एकदम सुरू झाली, तर नाडी कितीही असो, गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात व डॉक्टरांना भेटावे. या औषधाने क्वचित त्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात.

१३. बाळंतपणानंतर सुनेची नाडी तीन महिन्यांनी वाढली आणि आता मंदावली आहे. हे काय आहे?

गरोदरपणात नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढणे स्वाभाविक असते आणि बाळंतपणानंतर ती काही आठवड्यांत मूळ जागी येते. त्यानंतर पुन्हा वाढली, तर बाळंतपणानंतरच्या थायरॉइडच्या दाहाचा विचार करावा. त्यात ग्रंथी नवे संप्रेरक जास्त बनवत नाही. दाहामुळे साठलेले संप्रेरक बाहेर गळते. म्हणून कार्बिमाझोलचा येथे उपयोग नसतो, फार तर धडधडीपुरते औषध देतात. साठा संपला की काही महिने ग्रंथी मंद राहते आणि नाडीही उतरते. अनेक स्त्रियांत ती पुढे पूर्ववत होते, काहींत मात्र कायमची कमी राहते. "बाळंतिणीला अशक्तपणा असतोच" असे म्हणून ही दुसरी पायरी सोडून दिली जाते. तेव्हाच टीएसएच पाहिला पाहिजे.

१४. रिपोर्टमध्ये थायरॉइड फार जास्त दिसते, पण नाडी ७२ आणि त्रास काहीच नाही. कशावर विश्वास ठेवावा?

आधी केस किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हे पाहावे. मोठ्या डोसमधील बायोटिन काही प्रयोगशाळांच्या तपासणी-पद्धतीत अडथळा आणते आणि टीएसएच खोटा कमी, तर टी-४ खोटा जास्त दाखवते. अशा गोळ्या किमान दोन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करावी; डोस फार मोठा असेल तर किती दिवस थांबायचे ते डॉक्टरांना विचारावे. बायोटिन नसेल, तर प्रश्न १०मधील औषधे आठवावीत. रुग्ण वृद्ध असेल, तर शांत नाडीवर समाधान मानू नये, कारण या वयात थायरॉइड जास्त असूनही धडधड आणि थरथर कित्येकदा दिसत नाही. माणूस फक्त गप्प होतो, वाळत जातो आणि जेवणावरून मन उडते. अशा वेळी रिपोर्ट खरा धरून फ्री टी-४, टी-३ आणि ईसीजी करून घ्यावा.